‘लोगोस’ समोर आला की काय करायचं: नवीन वाचकांसाठी पायरी पायरीने

हेराक्लिटस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांच्यापैकी कुणाच्याही एकाच पुस्तकाची दोन वेगळी भाषांतरं शेजारी ठेवा, इंग्रजी चालतील, मराठी मिळाली तर उत्तमच, आणि कुठलाही एक महत्त्वाचा परिच्छेद घ्या. एकाने जिथे ‘वाणी’ लिहिलंय तिथे दुसऱ्याने ‘बुद्धी’ लिहिलेलं असतं, तिसरा ‘कारण’ म्हणतो, चौथा ‘प्रमाण’, आणि नवीन वाचकाला वाटतं की यांच्यातलं कुणीतरी चुकतंय. बहुतेक वेळा कुणीच चुकत नसतं. खाली मूळ ग्रीक शब्द एकच असतो, लोगोस. हा लेख ग्रीक न येणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना भाषांतरच वाचायचंय पण हा शब्द आला की अडखळायचं नाहीये त्यांच्यासाठी. पायऱ्या क्रमाने घ्या, कारण पुढची मागचीवर उभी आहे.

पहिली पायरी: शब्द ओळखायला शिका

ग्रीक लिपीत तो असा दिसतो: λόγος. ही पाच अक्षरं डोळ्यात बसवा, एवढंच पाठांतर लागतं. मराठीत जसं घर, घराला, घराचं होतं तसा हाही विभक्तीप्रमाणे बदलतो, लोगोस, लोगोन, लोगू, लोगो, अनेकवचनात लोगोई, पण सुरुवातीचं λόγ किंवा λογ तसंच राहतं, त्यामुळे शोधायला सोपा.

मग दोन फुकट साधनं उघडून ठेवा. पर्सिअस (perseus.tufts.edu) इथे ग्रीक मूळ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही मिळतात, आणि ग्रीक शब्दावर क्लिक केलं की त्याचं मूळ रूप कळतं. दुसरं लोगिऑन (logeion.uchicago.edu), हा शिकागो विद्यापीठाचा कोश-संग्रह, त्यात सर्च बॉक्समध्ये λόγος पेस्ट करा आणि लिडेल-स्कॉट या मोठ्या कोशातली नोंद बघा. नोंद अवाढव्य आहे, दहा मोठे विभाग आणि प्रत्येकाच्या पोटात उपविभाग, सगळी वाचायची अजिबात गरज नाही. फक्त दोन गोष्टी बघा. एक म्हणजे पहिला विभाग कशाचा आहे, तर मोजणी, हिशेब याचा. ‘शब्द’ नव्हे, ‘बुद्धी’ पण नव्हे. दुसरं म्हणजे कोशकार स्वतः सांगतात की सुटा, एकटा शब्द या अर्थाने लोगोस क्वचितच येतो. सुट्या शब्दासाठी ग्रीकांकडे एपोस, ओनोमा, रेमा, लेक्सिस असे बरेच शब्द होते. आपण सगळीकडे ऐकलेलं असतं की लोगोस म्हणजे ‘शब्द’, आणि नेमका तोच अर्थ सगळ्यात लंगडा आहे. हे आत्ताच लक्षात ठेवलंत तर पुढचा अर्धा गोंधळ होणारच नाही.

दुसरी पायरी: क्रियापदापासून सुरू करा

लोगोस हे नाम लेगेइन या क्रियापदावरून आलंय. नंतरच्या ग्रीकमध्ये लेगेइन म्हणजे सरळ ‘बोलणं, सांगणं’, पण होमरमध्ये त्याचे जुने अर्थ अजून जिवंत दिसतात आणि ते एकदा बघितले की विसरता येत नाहीत. इलियडच्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसची चिता विझल्यावर अकिलीस म्हणतो, चला आता त्याची हाडं वेचूया, आणि तिथे क्रियापद आहे लेगेइन. अस्थी वेचायच्या, पण कशाही नाही, राखेतून ओळखून, इतरांच्या हाडांत मिसळू न देता. ओडिसीच्या चौथ्या सर्गात समुद्रातला म्हातारा प्रोटिअस पाण्यातून बाहेर येतो आणि आपले सील मोजतो, मेनेलाओस आणि त्याची माणसं सीलची कातडी पांघरून तिथेच पडलेली असतात, म्हातारा त्यांनाही सीलच समजतो आणि सगळ्यात आधी त्यांनाच मोजतो. तिथेही लेगेइन.

म्हणजे वेचणं, एकेक करून मोजणं, आणि मग एकेक करून सांगणं. हा प्रवास डोक्यात ठेवा. नुसती बडबड म्हणजे लोगोस नाही, ज्यात एक गोष्ट दुसरीच्या पुढे नीट लावलेली आहे असं बोलणं म्हणजे लोगोस. तिथून हिशेब निघतो, गोष्ट निघते, युक्तिवाद निघतो, दोन आकड्यांतलं प्रमाण निघतं, आणि शेवटी हे सगळं करू शकणारी माणसातली शक्ती, म्हणजे बुद्धी किंवा विवेक, तीही. (खुद्द होमरमध्ये लोगोस हे नाम फक्त दोनदा येतं, दोन्ही वेळा अनेकवचनात आणि दोन्ही वेळा साध्या बोलण्याबद्दल: एकदा पॅट्रोक्लस जखमी मित्राला गप्पांनी रिझवतो तेव्हा, आणि एकदा कॅलिप्सो गोड गोड बोलून ओडिसिअसला भुलवते तेव्हा. ‘विश्वाचं तत्त्व’ वगैरे तिथे काहीही नाही.)

तिसरी पायरी: शेजारचा शब्द बघा

एकटा लोगोस बघून अर्थ लावायला जाऊ नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. तो ‘दिला’ जातोय का, ‘असतो’ का, कशाच्या ‘प्रमाणे’ आहे का, की कशाच्या तरी विरुद्ध उभा केलाय? नवीन वाचकाला सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो, म्हणून एक प्रसंग नीट बघूया.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात सामोस बेटाची हकिकत आहे. तिथला हुकूमशहा पॉलिक्रेटिस मारला जातो आणि सत्ता त्याच्या कारभाऱ्याच्या, मायआंड्रिओसच्या हातात येते. हा माणूस सगळ्या नागरिकांना गोळा करून जाहीर करतो की मला एकट्याने राज्य करायचं नाही, आजपासून सगळे समान. सभेतून टेलेसार्कोस नावाचा एक वजनदार माणूस उठतो आणि म्हणतो, तू आमच्यावर राज्य करायच्या लायकीचा तरी कुठे आहेस, आधी तू ज्या पैशांना हात लावलास त्यांचा लोगोस दे! इथे ‘शब्द दे’ म्हटलं तर मराठीत वचन दे असा भलताच अर्थ होईल, आणि ‘विवेक दे’ म्हटलं तर काहीच कळणार नाही. इथे हिशेब, आणि फक्त हिशेब. मायआंड्रिओसच्या लक्षात येतं की आपण सत्ता सोडली तर दुसरा कुणीतरी बळकावणारच, मग तो गडावर जातो, एकेकाला बोलावणं धाडतो, जणू पैशांचा लोगोस द्यायलाच बोलावतोय, आणि आलेल्या प्रत्येकाला पकडून साखळदंडात टाकतो.

‘लोगोन दिदोनाइ’, म्हणजे लोगोस देणं, हा पुढे अथेन्समध्ये रोजच्या कारभारातला वाक्प्रचार. अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला हिशेब तपासनिसांपुढे उभं राहावं लागायचं, आणि त्या तपासनिसांचं नावच होतं लोगिस्ताइ. आता हे मनात ठेवून प्लेटोकडे या. फीडो संवादात सॉक्रेटिस विचारतो, ज्याला एखादी गोष्ट माहीत आहे त्याला तिच्याबद्दल लोगोस देता येईल की नाही? भाषांतरात तुम्हाला ‘स्पष्टीकरण’ किंवा ‘कारणमीमांसा’ असं काहीतरी गुळगुळीत दिसेल, पण अथेन्समधल्या ऐकणाऱ्याच्या कानात तिथे तपासनिसापुढे उभं राहिल्याची खणखण होती. ज्ञान आहे म्हणतोस, मग मांड हिशेब. आपल्याकडे ‘जाब देणे’ म्हणतात त्याच्या हे बरंच जवळ जातं. भाषांतरकाराची अडचण इथेच सुरू होते बघा, हेरोडोटसमध्ये ‘हिशेब’ लिहिलं की काम होतं, पण प्लेटोमध्ये ‘हिशेब’ लिहिलं तर वाचक विचारतो तत्त्वज्ञानात हे जमाखर्चाचं काय मधेच, आणि ‘स्पष्टीकरण’ लिहिलं तर तो ताण निघून जातो.

आणखी एक शेजार ओळखून ठेवा. लोगोससमोर एर्गोन, म्हणजे कृती, उभी असेल तर लोगोस म्हणजे ‘बोलायला, नावाला’. इतिहासकार थुसिडिडीस अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्या काळातल्या अथेन्सबद्दल लिहितो की ते नावाला लोकशाही होतं, प्रत्यक्षात पहिल्या नागरिकाचं राज्य. ‘नावाला’ या जागी मूळात लोगोस आहे. इथे तोच शब्द चक्क पोकळ बोलणं झालाय, हिशेबाच्या बरोबर उलट टोकाला.

चौथी पायरी: नकार लावून बघा

अर्थ लागत नसेल तर एक युक्ती आहे: हा लोगोस नसेल तर काय म्हणतात ते शोधा. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘अ’ लावला की नकार होतो, आपल्यासारखाच, आणि अलोगोस हा शब्द कोणाकोणाला लावलाय ते बघितलं की लोगोसची बाजू उजेडात येते.

प्राण्यांना अलोगोस म्हणतात. वाचा नाही म्हणून की विचार नाही म्हणून? ग्रीक भाषा हा प्रश्न सोडवायला सांगतच नाही, एकाच शब्दात दोन्ही. (आजच्या ग्रीकमध्ये तर घोड्यालाच आलोगो म्हणतात, तो हाच शब्द.) ॲरिस्टॉटलचं राज्यशास्त्रातलं प्रसिद्ध वाक्य आहे की प्राण्यांमध्ये फक्त माणसाकडे लोगोस आहे, आणि हे वाक्य लोक ‘माणूस हा विवेकशील प्राणी’ असं पाठ करतात. पण मूळ परिच्छेद उघडून पुढच्या ओळी वाचा. ॲरिस्टॉटल तिथे फोने, म्हणजे नुसता आवाज, आणि लोगोस यांच्यातला फरक सांगतोय: आवाज इतर प्राण्यांनाही आहे, त्याने दुखतंय की बरं वाटतंय एवढं कळवता येतं, पण लोगोस आहे तो काय हिताचं नि काय घातक, काय न्याय्य नि काय अन्याय्य हे मांडण्यासाठी. म्हणजे तिथे विषय बोलण्याचाच चाललाय, पण असं बोलणं ज्याच्या पोटात विचार आहे. ‘वाणी’ लिहा, विचार गळतो, ‘विवेक’ लिहा, आवाजाशी केलेली तुलनाच कोसळते आणि पुढची ओळ अधांतरी लटकते. एखाद्या भाषांतरात हा परिच्छेद वाचताना ‘हे मधेच आवाजाबद्दल का बोलायला लागले’ असं वाटलं, तर समजा भाषांतरकाराने इथे विवेक किंवा बुद्धी निवडलंय.

गणितात अलोगोसचं वेगळंच झालं. युक्लिडच्या पाचव्या पुस्तकात लोगोसची व्याख्याच दिलीय, एकाच जातीच्या दोन राशींमधला आकाराचा संबंध, म्हणजे आपण शाळेत शिकतो ते गुणोत्तर. संगीतातही हेच, तारेची लांबी 2:1 केली की सा वरून वरचा सा, 3:2 केली की पंचम, 4:3 ला मध्यम, ही प्रमाणं म्हणजे लोगोई. मग चौरसाची बाजू आणि कर्ण यांच्यासारख्या राशी, ज्यांचं पूर्णांकात गुणोत्तर मांडताच येत नाही, त्या झाल्या अलोगोस, ‘गुणोत्तर नसलेल्या’. पण हा शब्द अरबीत नेताना त्याची दुसरी बाजू पुढे आली, वाचा नसलेला, आणि अरबी गणितात अशा राशींना ‘असम्म’ म्हणायला लागले, म्हणजे बहिरा. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा त्याचं झालं ‘सुर्दुस’, पुन्हा बहिरा, आणि त्यातून इंग्रजीतला सर्ड. आपण मराठीत त्याला करणी म्हणतो म्हणून वाचलो, पण इंग्लिश मीडियमची पोरं नववीला सर्ड सोडवतात ते या बहिऱ्या संख्यांचेच. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोगोसच्या दोन बाजूंपैकी चुकीची बाजू हातात आली की काय होतं ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

पाचवी पायरी: आता हेराक्लिटस घ्या

इथवर आलात की मग हेराक्लिटस, आधी नको. हा एफेससचा, साधारण इसवी सनपूर्व 500 च्या सुमाराचा. त्याचं पुस्तक हरवलंय, नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरलेत, आणि त्यांना हर्मान डील्स या जर्मन पंडिताने दिलेले क्रमांकच सगळे वापरतात. त्यामुळे तुम्ही कुठलंही भाषांतर घ्या, तुकडा 1, तुकडा 50 असं जुळवून बघता येतं. एक वही घ्या, डावीकडे क्रमांक, उजवीकडे भाषांतरकाराने लोगोसला काय लिहिलं ते.

सोप्यापासून सुरू करू, क्रमांकाने नाही. तुकडा 39: प्रिएने गावात बिआस होऊन गेला, ज्याचा लोगोस इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ज्याचं नाव जास्त घेतलं जातं, ज्याला लोक मोजतात, लेखतात. किंमत, मान. बघा, मराठीत सुद्धा ‘मी त्याला मोजत नाही’ म्हणतोच की आपण. तुकडा 31: पृथ्वी वितळून समुद्र होते तेव्हा तो त्याच लोगोसने मोजला जातो जो पृथ्वी होण्याआधी होता. शेजारी ‘मोजणं’ आहे, तिसरी पायरी आठवा, इथे प्रमाण किंवा माप. तुकडा 87: मूर्ख माणूस प्रत्येक लोगोसने चळतो. इथे साधं बोलणं, कुणीही काहीही सांगितलं की याची धांदल. आतापर्यंत सोपं, प्रत्येक ठिकाणी वेगळा मराठी शब्द घाला आणि पुढे चला.

आता तुकडा 1, हे त्याच्या पुस्तकाचं सुरुवातीचं वाक्य होतं. साधारण असं: हा लोगोस असा असताना नेहमीच माणसांना तो कळत नाही, ऐकण्याआधीही आणि पहिल्यांदा ऐकल्यावरही, कारण सगळं काही या लोगोसप्रमाणे घडत असूनही ते अनुभव नसल्यासारखे वागतात. पहिल्या अर्ध्यात ‘ऐकणं’ आहे, म्हणजे लोगोस हे हेराक्लिटसचं बोलणं, त्याचं पुस्तक, त्याने मांडलेलं काहीतरी. दुसऱ्या अर्ध्यात ‘त्याप्रमाणे सगळं घडतं’, म्हणजे लोगोस ही जगाची रीत, जगाचं प्रमाण. वाक्य एक, लोगोस एक, आणि अर्थ चालता चालता बदलतो. आता टाका बरं एक मराठी शब्द! ‘प्रवचन’ टाकलं तर सगळं जग या प्रवचनाप्रमाणे चालतं असा अहंकारी अर्थ होतो, ‘नियम’ टाकला तर ‘नियम ऐकल्यावरही’ हे विचित्र वाटतं, ‘तत्त्व’ टाकलं तर ऐकू येण्याची बाजूच मरते. अर्थ दोन करून दोन शब्द टाकले तर हेराक्लिटसला जे म्हणायचं होतं तेच तुटतं, कारण त्याचा मुद्दा हाच असावा की मी जे सांगतोय आणि जग जसं चालतंय त्यांची मांडणी एकच आहे. माझ्या मते तरी हाच मुद्दा आहे, अभ्यासकांत मतभेद आहेत आणि काहीजण तिथे फक्त ‘माझं हे कथन’ एवढंच वाचतात, तेही नीट वाचून बघा.

याच वाक्यातला ‘नेहमीच’ सुद्धा तसाच अडकवतो, लोगोस नेहमीच असतो की माणसांना नेहमीच कळत नाही? मी वर मुद्दाम तो दोन्हीकडे जोडता येईल असा ठेवलाय. ॲरिस्टॉटलने भाषणशास्त्रावरच्या पुस्तकात याच वाक्याचं उदाहरण देऊन तक्रार केलीय की हेराक्लिटसमध्ये विराम कुठे द्यायचा ते कळत नाही. म्हणजे हा त्रास भाषांतरकारांचाच आहे असं नाही, त्याच भाषेत जन्मलेल्या माणसालाही होता.

मग तुकडा 50: माझं नको, लोगोसचं ऐका, आणि सगळं एकच आहे हे मान्य करण्यात शहाणपण आहे. ‘मान्य करणं’ साठी मूळात होमोलोगेइन आहे, होमो म्हणजे तोच, सारखा, आणि पुढे आपला लोगोस. लोगोसचं ऐका आणि त्याच्याशी एक-लोगोस व्हा, असं ते ग्रीक कानाला ऐकू येतं. मराठीत ‘मान्य करणे’ लिहिताक्षणी हे सगळं गप्प होतं, आणि याला उपायही नाही, तळटीप सोडून. इथे अजून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण नवीन वाचक याच तुकड्यावर मोठमोठे इमले बांधतात: हस्तलिखितात या जागी लोगोस नाहीच, ‘डोग्मा’ म्हणजे मत असा शब्द आहे, आणि एकोणिसाव्या शतकात याकोब बेर्नाइस याने तो दुरुस्त करून लोगोस केला. दुरुस्ती पटण्यासारखी आहे, होमोलोगेइनमुळे तर फारच, म्हणूनच जवळजवळ सगळे ती स्वीकारतात, पण ती दुरुस्ती आहे हे माहीत असावं. चांगल्या आवृत्तीत पानाखाली बारीक अक्षरात पाठभेद दिलेले असतात, तिथे नजर टाकायची सवय लावून घ्या.

सहावी पायरी: भाषांतरकाराने कुठला रस्ता धरलाय ते ओळखा

रस्ते थोडेच आहेत. रोमन लोकांना ही अडचण सगळ्यात आधी आली, कारण लॅटिनमध्ये बोलण्यासाठी ओरातिओ आणि बुद्धीसाठी रातिओ हे वेगळे शब्द. सिसेरो कर्तव्यांवरच्या ग्रंथात माणसांना एकमेकांशी बांधणाऱ्या धाग्याबद्दल बोलतो आणि लिहितो ‘रातिओ एत ओरातिओ’, बुद्धी आणि वाणी. जोडी केली की अर्थ वाचतो, आणि लॅटिनमध्ये सुदैवाने यमकही जुळतं, पण एकाचे दोन झाले ते झालेच.

दुसरा रस्ता म्हणजे एकच शब्द पकडून ठेवणं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य. जेरोमच्या लॅटिन बायबलात तिथे ‘वेर्बुम’ आहे, म्हणजे शब्द. एरास्मसने ग्रीक नवा करार छापला तेव्हा 1516 च्या पहिल्या आवृत्तीत ‘वेर्बुम’ तसंच ठेवलं, पण 1519 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढून ‘सेर्मो’ केलं, सलग बोलणं, संभाषण. त्याचं म्हणणं की वेर्बुम हा सुटा शब्द झाला, लोगोस तसा नाही, आणि तेर्तुलियनसारखे जुने ख्रिस्ती लेखकही सेर्मोच वापरत. यावरून चर्चच्या व्यासपीठांवरून इतका गदारोळ झाला की 1520 मध्ये त्याला या एका शब्दाच्या बचावासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पहिल्या पायरीवर कोशात काय वाचलं होतं ते आठवा, भाषेच्या अंगाने बघाल तर एरास्मसचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण वेर्बुम तोवर हजार वर्षं लोकांच्या तोंडी बसलेला होता. चिनी भाषांतरात तिथे ‘ताओ’ आहे, मार्ग, आणि त्यातही बोलण्याचा अर्थ आहे, त्यामुळे ती निवड खरंतर बरीच जवळची, फक्त ताओबरोबर ताओवादही आत येतो.

मराठी बायबलात ‘प्रारंभी शब्द होता’ असं येतं, म्हणजे आपण वेर्बुमच्या बाजूने. आणि त्याच मराठी बायबलात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात धनी परत येऊन नोकरांकडून ‘हिशेब’ घेतो, तिथेही मूळ ग्रीक शब्द लोगोसच. एका पुस्तकात एकदा ‘शब्द’, एकदा ‘हिशेब’, आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण मराठी वाचकाला हे दोन एकच आहेत याचा पत्ता लागायला काही वावच नाही.

तिसरा रस्ता, लोगोस तसाच ठेवणं. वाचायला भारदस्त दिसतं, पण धोका असा की मायआंड्रिओसच्या जमाखर्चातला लोगोस आणि विश्वाची रीत सांगणारा लोगोस सारखाच गूढ वाटायला लागतो. सगळीकडे लोगोस ठेवलेलं भाषांतर दिसलं तर प्रत्येक वेळी तिसरी पायरी तुम्हालाच चढावी लागणार हे धरून चाला.

सातवी पायरी: मराठीत स्वतः लिहिणार असाल तर

पहिला मोह असतो ‘शब्दब्रह्म’ किंवा ‘ऋत’ लिहायचा. टाळा. ऋत ही वैदिक कल्पना आहे, तिला तिचा यज्ञ आहे, देवता आहेत, आणि शब्दब्रह्म म्हटलं की भर्तृहरी आणि अख्खं व्याकरणदर्शन आत येतं. तुलना करायची असेल तर खुशाल करा, स्वतंत्र परिच्छेदात करा, पण भाषांतरात घातलं की वाचक हेराक्लिटस वाचतच नाही, त्याला आधीच माहीत असलेलंच पुन्हा वाचतो. ‘शब्द’ हा मोहही टाळा, कारण वर आलंच आहे.

मला सगळ्यात कामाचं वाटतं ते ‘मांडणे’ हे क्रियापद. मराठीत हिशेब मांडतात, गणित मांडतात, मत मांडतात, बाजू मांडतात, आणि पट सुद्धा मांडतात. वेचून एकापुढे एक नीट ठेवणं आणि ते बोलून दाखवणं, दोन्ही त्यात आहे, आणि हे लेगेइनच्या इतकं जवळ जातं की इंग्रजी भाषांतरकारांना हेवा वाटावा. सामोसच्या सभेत ‘पैशांचा हिशेब मांड’, सॉक्रेटिसच्या तोंडी ‘माहीत आहे ना, मग मांडून दाखव’, हेराक्लिटसमध्ये ‘ही मांडणी’ आणि ‘सगळं या मांडणीप्रमाणे घडतं’, तिन्हीकडे चालतंय बघा. पण याची हद्दही स्पष्ट आहे. ॲरिस्टॉटलच्या वाक्यात ‘फक्त माणसाकडे मांडणी आहे’ असं म्हणता येत नाही, ते दुकानाच्या शोकेसबद्दल वाटेल. शक्ती म्हणून, क्षमता म्हणून लोगोस आला की मांडणी थांबते आणि तिथे ‘विचारी वाणी’ असं काहीतरी जोडून लिहावं लागतं, सिसेरोने केलं तसं. युक्लिडमध्ये सरळ गुणोत्तर लिहा, तिथे कसरत नकोच.

व्यवहारात मी असं करायला सांगेन: प्रत्येक लेखकासाठी एक मुख्य शब्द ठरवा, तो जिथे मोडतो तिथे बेधडक दुसरा वापरा, पण दुसरा वापरला की तिथे कंसात (लोगोस) लिहा, म्हणजे वाचकाला धागा दिसत राहील. पहिल्यांदा शब्द येतो तिथे एक तळटीप द्या, तीन-चार ओळींची, त्याहून मोठी कुणी वाचत नाही.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी हेरोडोटस 3.142 आणि 143, पाच मिनिटांचं काम. मग ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण. मग हेराक्लिटसचे 39, 31, 87, 1 आणि 50 हे तुकडे याच क्रमाने. आणि मग प्लेटोच्या थिएटिटस संवादाचा शेवट, 201 पासून पुढे. तिथे प्रश्न निघतो की ज्ञान म्हणजे खरं मत अधिक लोगोस असेल तर हा लोगोस म्हणजे नेमकं काय, आणि सॉक्रेटिस एकामागून एक तीन अर्थ तपासतो. मनातलं शब्दांत बोलणं? ते तर मुका नसलेला कुणीही करेल. मग वस्तूचे सगळे भाग सांगणं? त्यासाठी तो गाडीचं उदाहरण घेतो, हेसिओड म्हणतो गाडीला शंभर लाकडं असतात, ती मला काही सांगता येणार नाहीत, तुलाही नाही, आपल्याला चाकं, आस, सांगाडा, कठडा, जू एवढं सांगता आलं तरी आपण खूश. मग तिसरा, ती वस्तू इतरांपासून जिच्यामुळे वेगळी पडते ती खूण सांगणं. तिन्ही अर्थ एकेक करून पडतात, लोगोसची व्याख्या हाती लागत नाही, आणि सॉक्रेटिस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटायचं ठरवून कोर्टात स्वतःवरच्या आरोपाला सामोरा जायला निघतो.